चवदार तळं, देवळाची फंडपेटी आणि धर्मनिरपेक्षतेचे नमुने

प्रश्न: सर, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर द्वितीय वर्ष कला शाखेला राजकीय सिद्धान्त शिकवते. पुस्तकात एका टोकाला धर्म आणि राज्य यांची कडक फारकत आणि दुसऱ्या टोकाला सर्वधर्मसमभाव, अशी मांडणी आहे. परवा एका मुलाने विचारलं, "आमच्या गावच्या देवळाचा हिशेब सरकार तपासतं, मग आपलं राज्य ह्यातलं नक्की कोणतं?" मला धड उत्तर देता आलं नाही. वर्गात हे कसं मांडू?

उत्तर:

दोन्ही नाही, असं त्या मुलाला सांगा. आपलं राज्य त्या रेघेवर नीट बसत नाही, कारण ती रेघ एकच गोष्ट मोजते: राज्य धर्मापासून किती लांब उभं आहे. आपल्या घटनाकारांपुढे मात्र दोन प्रश्न होते. निरनिराळ्या धर्मांशी राज्याने कसं वागायचं, हा पहिला. एकाच धर्माच्या आत कुणी कुणाला दाबत असेल तर राज्याने काय करायचं, हा दुसरा. फारकत आणि समभाव ही दोन्ही पहिल्या प्रश्नाची उत्तरं आहेत. दुसरा प्रश्न आला की दोघांकडेही सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

मीही सुरुवातीची काही वर्षं फळ्यावर तीच रेघ काढायचो. डाव्या टोकाला अमेरिका आणि फ्रान्स, उजव्या टोकाला भारत, मध्ये बाण. एकदा मागच्या बाकावरची महाडकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, इंग्रजांनी सगळ्या धर्मांना सारखा मान दिला असता तर आमच्यासाठी तळं उघडलं असतं का?" तेव्हापासून मी हा धडा महाडपासूनच सुरू करतो. तुम्हीही तसंच करा. मुलांना तिथला रस्तासुद्धा माहीत असतो.

महाडचा प्रसंग आपण समतेचा लढा म्हणून शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या मागे एक कोर्टाचं प्रकरण आहे, ते राजकीय सिद्धान्ताच्या तासाला फार उपयोगी पडतं. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडलं, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा गावातल्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यांचं म्हणणं होतं की तळं आमच्या वहिवाटीचं आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे.

इथे वर्गाला थांबवा आणि विचारा, तेव्हाचं राज्य कोणत्या नमुन्याचं होतं? १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन होतं. १८६३ च्या कायद्याने सरकारने देवस्थानांच्या कारभारातून बऱ्याच अंशी अंग काढून घेतलं होतं. म्हणजे अंतर राखणारं आणि सगळ्या धर्मांच्या चालीरीती मानणारं, असं दोन्हीचं मिश्रण. आणि नेमक्या ह्याच राज्यात रूढी हा कायद्याने मान्य असलेला आधार होता. रूढी जुनी आहे, सलग आहे आणि निश्चित आहे हे सिद्ध केलं की कोर्ट ती अमलात आणायला बांधील. राज्य धर्मात पडत नव्हतं, पण धर्माच्या नावाने चाललेल्या बंदीच्या पाठीशी राज्याचा पोलीस आणि राज्याचं कोर्ट उभं राहू शकत होतं.

दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला मार्च १९३७ उजाडला. नऊ वर्षांहून जास्त. तळं नगरपालिकेचं ठरलं आणि दावा बाबासाहेबांच्या बाजूने सुटला. पण कशावर सुटला ते मुलांना नीट सांगा, कारण सगळी मेख तिथे आहे. बंदीची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, ह्यावर तो सुटला. अशी रूढी मुळात अन्यायाची आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, ह्या प्रश्नात न्यायालय शिरलंच नाही; रूढी सिद्ध झाली असती तर कदाचित त्याचा विचार करावा लागला असता, इतकंच म्हणून ते पुढे गेलं. पुरावा थोडा भक्कम असता तर काय झालं असतं, हा प्रश्न वर्गात टाका आणि पाच मिनिटं गप्प बसा. उत्तरं आपोआप येतात.

मग राज्यघटना उघडा. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. तलाव हा शब्द तिथे कुठून आला हे कोकणातल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली. आणि अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य दिलं तेव्हाच राज्याला दोन दारं उघडी ठेवली: धर्माशी जोडलेल्या आर्थिक आणि इतर ऐहिक व्यवहारांचं नियमन, आणि समाजसुधारणा, ज्यात सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सगळ्या हिंदूंना खुल्या करणं येतं. त्याच्या शेजारी अनुच्छेद २६, जो प्रत्येक धर्मपंथाला आपल्या धर्माच्या बाबी आपण पाहण्याचा हक्क देतो. म्हणजे हात आत घालायची मुभा आणि हात आवरायचं बंधन, दोन्ही एकाच पानावर.

कडक फारकतीच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. तिचं म्हणणं असं की सुधारणा समाजाने करावी, राज्याने नव्हे. त्याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींसाठी उघडलं गेलं, ते सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने. त्यात सरकारचा पैसा नव्हता, सरकारचा हुकूमही नव्हता. हे मोठं काम होतं आणि ते फारकतीच्या चौकटीत पूर्ण बसतं. पण ते नवं देऊळ होतं. जुन्या देवळांची दारं त्यानंतरही ज्यांच्या हातात होती त्यांच्याच मर्जीवर राहिली. ती उघडायला मुंबई राज्यात १९४७ चा आणि पुढे १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा यावा लागला.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या फंडपेटीकडे येतो. मी स्वतः गावच्या ग्रामदेवतेच्या ट्रस्टवर बारा वर्षं विश्वस्त होतो, त्यामुळे हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शिमगा आटोपला, पालखी सगळ्या वाड्या फिरून देवळात परत आली की आठवड्याभरात सभामंडपात चटया टाकून पेटी उघडायची. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक खजिनदाराकडे आणि एक मानकऱ्यांकडे. दहाच्या नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, नवसाच्या नारळांच्या लिलावाचे पैसे वेगळ्या कागदावर. गुरवाचा वाटा काढायचा, तो रूढीने ठरलेला. मग पंचांच्या सह्या. हा कागद पुढे लेखापरीक्षकाकडे जातो आणि तिथून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. देवस्थानची जमीन विकायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी. हे सगळं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने आलं, आणि तो कायदा नोंदणीच्या बाबतीत देवळापुरता नाही. चर्चचे, पारशी पंचायतीचे, जैन मंदिरांचे ट्रस्टही त्याच्यात येतात. वक्फ मिळकतींसाठी आता वेगळा कायदा आणि वेगळं मंडळ आहे.

त्याच देवळात दुसरी एक गोष्ट चालते. पालखी कोणत्या दिवशी बाहेर काढायची, ह्यावरून दोन वाड्यांचं जुळत नसेल तर देवाला कौल लावतात. गावकर गाऱ्हाणं घालतो, कौल उजवा पडला की दिवस ठरला. माझ्या बारा वर्षांत धर्मादाय कार्यालयाने कौलाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. नारळाच्या लिलावाच्या पावत्या मात्र एका वर्षी सापडेनात, तेव्हा आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या. कौल हा धर्म, लिलाव हा व्यवहार. भारतीय नमुन्यात राज्याची वेस इथून जाते, आणि मुलांना ती देवळाच्या एकाच सभामंडपात दाखवता येते.

वेस नेहमीच इतकी स्वच्छ नसते. समजा कौलात निघालं की यंदा मोठा होम करायचा आणि त्याला ट्रस्टची निम्मी शिल्लक लागणार. हा धर्म की व्यवहार? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात ह्याचं उत्तर जवळजवळ ह्याच शब्दांत दिलं आहे. कोणते विधी आवश्यक आहेत हे पंथ ठरवेल, त्यात बाहेरच्या अधिकाऱ्याला बोलता येणार नाही. पण त्या विधींवर किती खर्च करायचा हा मालमत्तेच्या कारभाराचा भाग आहे आणि कायद्याने त्यावर लक्ष ठेवता येतं. त्याच वर्षी आपल्या मुंबई राज्याचा कायदा रतिलाल गांधी खटल्यात त्याच न्यायालयापुढे गेला. नोंदणी, हिशेब, तपासणी हे सगळं टिकलं. टिकली नाही ती धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्ताला नेमायची तरतूद. वही तपासणारा माणूस गादीवर बसू शकत नाही, हा त्याचा अर्थ. हस्तक्षेप मर्यादेत आहे की नाही हे ओळखायला मी मुलांना हाच प्रश्न देतो: राज्य वही बघतंय की गादीवर बसलंय?

ह्या प्रश्नाने आपल्या राज्यालाही सोडू नका. पंढरपूर, सिद्धिविनायक, शिर्डी यांच्यासाठी वेगळे कायदे करून सरकारने व्यवस्थापन समित्या नेमल्या आहेत. पंढरपूरला १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क गेले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. भाविकांची लूट थांबवायला हे लागलं, असं मला वाटतं. पण सरकार बदललं की समितीवर सत्ताधाऱ्यांची माणसं बसतात, ते मला पटत नाही. तिथे राज्य वहीवर थांबलेलं नाही. टीकाकारांचं हे बोट योग्य जागी आहे, आणि वर्गात ते दडपू नये.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे आत शिरायचं तर किती, माझ्याकडे एकच आवडता निकाल आहे. वेंकटरमण देवरू विरुद्ध म्हैसूर राज्य, १९५८. हे देऊळ मुल्कीचं, मंगळूरच्या वर, आपल्याच किनाऱ्याच्या पुढच्या टप्प्यावर. ते गौड सारस्वत ब्राह्मणांचं. गोव्याकडून खाली गेलेली ही मंडळी, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ती परकी वाटत नाहीत. मद्रासच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याने देऊळ सगळ्या हिंदूंना उघडायचं होतं. विश्वस्त म्हणाले, हे आमच्या पंथाचं देऊळ आहे, आत कोणी यायचं ही आमच्या धर्माची बाब आहे, आणि अनुच्छेद २६ आमच्या बाजूने आहे.

सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्तांचं अर्धं म्हणणं आधी मान्य केलं, आणि इथेच त्याची इमानदारी दिसते. देऊळ खरोखर त्या पंथाचं आहे हे मान्य. देवळात कोणाला प्रवेश हा धर्माच्या बाबीत मोडतो, हेही मान्य. मग पेच पडला: एक अनुच्छेद म्हणतो आत येऊ द्या, दुसरा म्हणतो पंथाने ठरवावं. न्यायालयाने दोन्ही जिवंत ठेवले. सगळ्या हिंदूंना दर्शनाचा हक्क आहे आणि पंथाच्या हक्काने तो पुसता येणार नाही. पण काही ठरावीक विधी फक्त पंथीयांपुरते असतील तर तेवढ्या वेळेपुरतं इतरांना बाहेर थांबवता येईल, अट एवढीच की उरलेला सार्वजनिक हक्क भरीव राहिला पाहिजे, नावापुरता नको.

आता हाच तंटा फारकतीच्या नमुन्यापुढे ठेवा. राज्य म्हणेल, देऊळ तुमचं, मी आत येत नाही. निकाल विश्वस्तांच्या बाजूने. निव्वळ समभावापुढे ठेवा. राज्य म्हणेल, मी मशिदीच्या आणि चर्चच्या नियमांचा मान राखतो, तसा तुमच्याही नियमांचा राखीन. निकाल पुन्हा विश्वस्तांच्याच बाजूने. रेघेची दोन टोकं एकाच जागी येऊन मिळाली. बाहेर उभ्या राहिलेल्या भाविकाचं नाव दोन्हीकडे नाही. राजकीय विचारवंत राजीव भार्गव ज्याला तत्त्वनिष्ठ अंतर म्हणतात ते इथे कळतं: राज्य कधी आत जाईल, कधी बाहेर थांबेल, सगळ्या धर्मांशी तंतोतंत एकसारखं वागेलच असं नाही, पण प्रत्येक वेळी कारण स्वातंत्र्य आणि समता यांतून यायला हवं, कुठल्या धर्माच्या लाडातून किंवा रागातून नाही.

परदेशी उदाहरणांवर मी कमी वेळ घालवतो, पण एक गैरसमज जरूर काढतो. कडक फारकत कुठेही पुस्तकाइतकी कडक नाही. फ्रान्सच्या १९०५ च्या कायद्याने राज्याने कुठल्याही पूजापद्धतीला मान्यता, पगार किंवा अनुदान देणं बंद केलं. पण कॅथलिक चर्चने त्या कायद्याप्रमाणे संस्था काढायला नकार दिला, आणि शेवटी तेव्हाच्या बहुतेक चर्चइमारती गावांच्या मालकीच्या राहिल्या. त्यांच्या छपरांची कौलं आजही सार्वजनिक पैशातून बदलता येतात. १९०५ नंतर बांधलेल्या मशिदीला तसा आधार नाही. आल्सास-मोझेल भाग तेव्हा जर्मनीकडे होता म्हणून तिथे तो कायदा आजही लागू नाही. अमेरिकेत १९४७ च्या एव्हरसन खटल्यात न्यायालयाने धर्म आणि राज्य यांच्यात उंच, अभेद्य भिंत असल्याचं बजावलं, आणि त्याच निकालात पाच विरुद्ध चार मतांनी कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांचा बसखर्च सरकारने द्यायला हरकत नाही असं ठरवलं. मुलांना सांगा, नमुना म्हणजे राज्याचा पवित्रा. तो पवित्रा घेऊन राज्य प्रत्यक्षात कुठे उभं राहिलं, हे त्याच्या इतिहासाने ठरतं.

आपल्याकडेही समभाव ही घटनेची अधिकृत व्याख्या आहे असं पुष्कळ जण धरून चालतात. ती नाही. 'धर्मनिरपेक्ष' शब्द उद्देशिकेत आला १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. १९७८ मध्ये जनता सरकारने दुरुस्ती विधेयकात त्याची व्याख्या घालायचा प्रयत्न केला: जिथे सर्व धर्मांना समान आदर आहे असं प्रजासत्ताक. लोकसभेत ते पार पडलं, राज्यसभेत तो भाग गळाला. म्हणून घटनेत शब्द आहे आणि व्याख्या नाही. शब्दाचा अर्थ अनुच्छेद १५, १७, २५ ते २८ यांतूनच काढावा लागतो. मला व्यक्तिशः ती व्याख्या आली नाही हे बरं वाटतं. ती आली असती तर महाडचा प्रश्न पुन्हा बाहेर राहिला असता.

एक हरकत हमखास येईल, आणि ती टाळू नका. अनुच्छेद २५ मध्ये देवळं उघडायची गोष्ट फक्त हिंदू संस्थांसाठी आहे, त्यात शीख, जैन, बौद्ध धरलेले आहेत. मग हा भेदभाव नाही का? माझं उत्तर असं: जातीवरून दाराबाहेर ठेवण्याची रोगराई तिथे होती म्हणून औषध तिथे लावलं, एवढं समर्थन होऊ शकतं. पण तेवढ्यावर सगळं झाकलं जात नाही. इतर धर्मांतल्या आतल्या अन्यायाला राज्याने कधी आणि किती हात घातला, ह्या हिशेबात आपण कमी पडलो आहोत, आणि विद्यार्थ्याने ते म्हटलं तर त्याला गप्प करू नये. तत्त्वनिष्ठ अंतरात 'तत्त्वनिष्ठ' हा शब्द जड आहे. तो सुटला की उरतं ते सोयीचं अंतर.

तासाच्या शेवटी मी एक कागद वाटतो. त्यावर गावच्या देवळातल्या पाच-सहा गोष्टी असतात: कौल, लिलावाची पावती, गुरवाचा वाटा, जमीन विकायचा ठराव, पालखीचा मार्ग. मुलांनी प्रत्येकीसमोर लिहायचं, राज्याने यात पडावं का आणि कोणत्या कारणाने. पहिल्या चार-पाच पटापट होतात. शेवटच्या ओळीवर वर्ग तुटतो. ती ओळ अशी: पालखीला खांदा फक्त पुरुषांनी द्यायचा. १९५६ चा मुंबईचा कायदा म्हणतो की सार्वजनिक हिंदू पूजास्थानात कोणत्याही वर्गातल्या वा गटातल्या हिंदूला इतर हिंदू जसे आणि जितके जातात, पूजा करतात तसंच जाता, करता आलं पाहिजे. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच कायदा आधाराला होता. तो प्रश्न बायकांच्या प्रवेशाचा होता. खांदा देणं ही पूजा, की घराण्याचा मान? पूजा म्हटली तर कायदा लागू पडतो. मान म्हटला तर मानकरी म्हणतील, हा तर आमच्याही सगळ्या पुरुषांना मिळत नाही. गेल्या वर्षी माझ्या वर्गात ह्यावर दोन मुली आणि एक मानकऱ्याचा मुलगा यांच्यात तास संपल्यावरही बोलणं चालू होतं, आणि मी मध्ये पडलो नाही.